मदत हवी आहे: वर्गशिक्षिकांना द्यायच्या पत्रात हे कसं लिहू?

माझी मुलगी तिसरीत आहे, टाइप वन डायबेटिस आहे. बाईंसाठी पत्र लिहितेय. सगळ्यात जास्त काळजी डब्याच्या सुट्टीआधीच्या पीटीच्या तासाची आहे, कारण खेळून साखर झपाट्याने उतरते. आतापर्यंत एवढं लिहिलंय:

"ती घामाघूम झाली, हात थरथरले, एकदम चिडचिडी किंवा गप्प झाली, तर लगेच ग्लुकोमीटरने साखर तपासू द्यावी. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. मीटर हाताशी नसेल तर न थांबता साखर द्यावी. अशा वेळी तिला एकटीला ऑफिसात किंवा बाथरूमला पाठवू नये."

अडलंय पुढे. शुद्ध हरपली तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, कुशीवर वळवून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, हे लिहायलाच हवं. पण ते वाचून बाई घाबरतील आणि तिला खेळायलाच सोडणार नाहीत, अशी भीती वाटते. तुम्ही हा भाग कसा लिहिलात? आणि शिक्षक बदलून आले तर ही माहिती त्यांच्यापर्यंत कशी पोचवता?