शब्दचर्चा: मेंदूमृत माणूस ‘मयत’ कधी होतो?

पाटीपेन्सिल: वारसनोंदीच्या कागदांत ‘मयत’ हा शब्द पावलोपावली येतो. ‘मयत अमुक यांचे वारस’, ‘मयत दिनांक’ वगैरे. दुसरीकडे पेपरात ‘मेंदूमृत तरुणामुळे चौघांना जीवदान’ असं छापून येतं आणि सरकारी कागदात त्यालाच ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ म्हणतात. माझा प्रश्न असा की मेंदूमृत माणूस तलाठ्याच्या अर्थाने मयत आहे का? आणि असल्यास कोणत्या वेळेपासून?

चहाबाज: मेंदूमृत म्हणजे सोप्या मराठीत कोमा. अरुणा शानबाग केईएममध्ये चाळीस वर्षांहून जास्त काळ तशाच होत्या. त्यांना कोणी मयत म्हटलं नाही. त्यामुळे उत्तर ‘नाही’.

भूलवाला: चहाबाज, त्या स्वतः श्वास घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्या मेंदूमृत नाहीत हे स्पष्ट म्हटलं आहे. कोमातला माणूस जिवंतच असतो, पुष्कळदा बाहेरही येतो.

मेंदूमृत ठरवताना आम्ही शेवटी श्वासाचीच परीक्षा घेतो. आधी गुंगीची औषधं, विषबाधा, अंग गार पडणं ही कारणं नाहीत याची खात्री करायची. डोळ्यांच्या बाहुल्या, खोकला, घशाची प्रतिक्रिया पाहायची. मग व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता ऑक्सिजन द्यायचा आणि छाती-पोटाकडे बघत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर गेला तरी छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करायचं. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कोणी चालत नाही. दुसरी परीक्षा पूर्ण झाली की ती मृत्यूची वेळ.

घोटाळा पुढे होतो. या अवस्थेत कधीकधी हात उचलला जातो, बोटं हलतात. ते मज्जारज्जूमुळे असतं, मेंदूचा संबंध नसतो. पण नातेवाइकांनी ते पाहिलं की आमचं कुठलंही स्पष्टीकरण त्यांना पटत नाही, आणि त्यांचं फार चुकतंय असंही मला म्हणवत नाही.

सुमनताई: आमच्या सासूबाईंचे डोळे आम्ही दिले. त्या घरीच गेल्या, असल्या परीक्षा कोणी केल्या नाहीत. मग ते बेकायदा झालं का हो?

भूलवाला: नाही ताई, अजिबात नाही. बुबुळं हृदय थांबल्यावरही काही तास चालतात. हृदय, यकृत यांना मात्र रक्त फिरतं लागतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

बाररूम: कायद्याचं सांगतो. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल. त्यात मृत म्हणजे मस्तिष्कस्तंभ गेल्यामुळे *किंवा* हृदय-श्वास थांबल्यामुळे जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी झालेली व्यक्ती. पण कलमाची सुरुवात ‘या कायद्यात’ अशी आहे. तुमचा मृत्यूचा दाखला निघतो तो 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली. तिथे फक्त ‘जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं’ एवढंच आहे, मेंदूचं नाव नाही.

परिणाम काय? घरच्यांनी होकार दिला तर माणूस दुपारी मयत. नकार दिला तर तोच माणूस, त्याच खाटेवर, यंत्रासकट ‘पेशंट’. केरळने 2020 मध्ये आदेश काढून ही गाठ सोडवली, मेंदूमृत्यू जाहीर करणं आणि अवयवदान या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बाकी बऱ्याच ठिकाणी नकार आला की डॉक्टर त्या कागदाला हातच लावत नाहीत.

बाणकोट: ‘मयत’ आमच्याकडचा, अरबी मय्यित. आणि त्याची जोडी तुम्ही सगळे दर नोव्हेंबरात वापरता: पेन्शनरांचा *हयातीचा* दाखला. या दोन शब्दांमधली रेघ कुठे, यावर इस्लामी कायदेपंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. वडील काझी होते, म्हणून थोडं माहीत आहे.

1986 मध्ये अम्मानला आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने ठरवलं: हृदय-श्वास कायमचे थांबले, किंवा मेंदूची सर्व कार्यं कायमची संपून मेंदू विघटित होऊ लागला, यांपैकी काहीही झालं तरी मृत्यू, मग हृदय यंत्रावर चालू का असेना. पुढच्याच वर्षी मक्केच्या फिक्ह परिषदेने म्हटलं: यंत्र काढायला हरकत नाही, पण शरियतच्या दृष्टीने मृत्यू धरायचा तो यंत्र काढल्यावर हृदय आणि श्वास पूर्ण थांबल्यावरच.

चहाबाज: काढायला हरकत नाही, पण मेलेला नाही. हे काय तर्कशास्त्र?

बाणकोट: हिशेब घाला म्हणजे कळेल. मुलगा अपघातात सापडला. दुसरी परीक्षा दुपारी 4:30 ला पूर्ण झाली. घरच्यांनी अवयवदानाला नकार दिला. रात्री 8 ला म्हातारे वडील वारले. यंत्र काढलं आणि मुलाचं हृदय रात्री 11 ला थांबलं. मुलाच्या मागे बायको-पोरं, आणि वडिलांचा दुसरा मुलगा आहे. अम्मानप्रमाणे मुलगा वडिलांच्या आधी गेला. मग हनफी नियमाने आजोबांच्या मालमत्तेत नातवंडांना काही नाही, कारण चुलता हयात आहे. मक्केप्रमाणे रात्री 8 ला मुलगा हयात होता, त्याला वाटा मिळाला, आणि 11 ला तो त्याच्या बायको-पोरांकडे उतरला. बायकोची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पुन्हा लग्न न करता थांबायची चार महिने दहा दिवसांची मुदत, तीही कुठून मोजायची हे यावरच.

जुन्या ग्रंथांत ‘स्थिर जीवन’ आणि ‘कापलेल्या जनावराची हालचाल’ असा भेद आहे. एकाने माणसाला अशा स्थितीत आणून सोडलं की उरली ती फक्त हालचाल, आणि मग दुसऱ्याने वार केला, तर खुनी पहिलाच. मेंदूमृत्यू मानणारे याच्यावर बोट ठेवतात. न मानणारे दुसरं सूत्र पुढे करतात: खात्रीची गोष्ट संशयाने जात नाही. जीवन खात्रीचं होतं, मृत्यूबद्दल शंका आहे, तोवर हयातच धरा. मला स्वतःला दुसरी बाजू जड वाटते, निदान वारसाच्या बाबतीत.

बाररूम: पण मग मक्केचं मत मानणाऱ्याला धडधडतं हृदय देताच येणार नाही. ते जिवंत माणसाचं काढल्यासारखं होईल.

बाणकोट: बरोबर, तिथेच ते अडतं. शिवाय देह आमच्याकडे अमानत मानतात. जे माझं नाही ते दान कसं करायचं, हा आक्षेप वेगळाच. 1988 ला जेद्दाच्या ठरावाने वाट काढली: मृताने हयातीत किंवा वारसांनी परवानगी दिली तर चालेल, विक्री मात्र मुळीच नाही.

बाररूम: गंमत म्हणजे आपला कायदाही नातेवाइकाला देहाचा मालक म्हणत नाही. ‘ज्याच्या कायदेशीर ताब्यात मृतदेह आहे तो’ असे शब्द आहेत. आणि ज्याच्याकडे देह फक्त अंत्यसंस्कारासाठी सोपवला आहे, त्याला ही परवानगी देता येत नाही.

पाटीपेन्सिल: तर मग माझ्या रकान्यात काय लिहू? आणि बाणकोटताईंच्या हिशेबात वेळ 4:30 की 11?

भूलवाला: अवयवदानाचा रीतसर नमुना भरला असेल तर त्यावरची वेळ, म्हणजे 4:30. नकार आलाय म्हणता, तर बहुतेक डॉक्टर 11 लिहितील.

बाररूम: आणि चुलत्याचा वकील केसपेपर मागवून त्यातली 4:30 दाखवेल. पाटीपेन्सिल, तुम्ही दाखल्यावर आहे तेवढंच उतरवा. वेळेवरून कोणी हरकत घेतली तर ती तक्रार नोंदवहीत घेऊन निकालासाठी वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे पाठवा. वारसहक्काचा शेवटचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा.