बारवांवरचं पुस्तक: स्वतः छापू की पॅकेज घेऊ? '१०० टक्के रॉयल्टी' म्हणजे हातात किती?

बारवप्रेमी: आमच्या तालुक्यातल्या बारवांवर माझं पुस्तक लिहून तयार आहे, २४० पानं आणि भरपूर फोटो. पेपरबॅक आणि ईबुक दोन्ही काढायचंय. एक कंपनी ६०,००० मध्ये सगळं करून देते म्हणतेय, आयएसबीएन, कव्हर, ऑनलाइन विक्री, ५० प्रती आणि १०० टक्के रॉयल्टी. दुसरीकडे पुण्याच्या एका प्रेसने ५०० प्रतींचे ५५,००० सांगितलेत. किंमत ३५० ठेवायचा विचार आहे. काय करावं?

शाईवाला: पॅकेज अजिबात घेऊ नका. माझी तीस वर्षं छपाईत गेली म्हणून कळकळीने सांगतो. आधी त्यांना विचारा की मागणीनुसार एकेक प्रत छापायचा खर्च किती धरलाय. एवढ्या पानांना समजा २१० सांगितला आणि विक्री करणाऱ्या साइटचे १०० गेले, तर ३५० मधून उरले ४०. त्या ४० चे १०० टक्के तुमचे! चांगला प्रकाशक १० टक्के देतो म्हणजे ३५, आणि तो तुमच्याकडून एक पैसा घेत नाही. तुम्ही इथे ६०,००० भरून पाच रुपये जास्त मिळवताय.

प्रेसच्या भावाने प्रत पडते ११०. वितरकाला ४५ टक्के दिले तरी ८२ रुपये सुटतात, आणि थेट विकली तर पॅकिंग-टपालाचे ६० धरूनही १८० उरतात. थेट विक्रीत साधारण १९० प्रती गेल्या की छपाई निघाली. फोटोंसाठी एक करा, सगळं पुस्तक रंगीत नको. निवडक फोटो १६ पानांच्या एका फर्म्यात आर्ट पेपरवर मधे टाका, बाकी मजकूर ७० जीएसएम मॅपलिथोवर एका रंगात. ११० मध्ये हा फर्मा धरलाय का तेवढं प्रेसला विचारून घ्या.

दुकानातून: शाईवाले काका, हिशोब बरोबर पण तो ५०० प्रती विकल्या गेल्या तर! मी पुस्तकांच्या दुकानात बसते, नवीन लेखकाच्या पाच प्रती आम्ही ठेवतो त्या विकल्यावर पैसे या बोलीवर, आणि सहा महिन्यांनी तीन परत जातात, कोपरे दुमडलेल्या. वितरकाकडचे पैसे यायला वर्ष लागलेलं पाहिलंय. तालुक्याच्या बारवांचं पुस्तक मुंबईत कोण शोधणार? लेखकाच्या घरात गठ्ठे पडून राहतात आणि मग पावसाळ्यात वाळवी. मी म्हणेन १५० प्रती डिजिटल छापा, प्रत महाग पडू दे, पण पैसे अडकत नाहीत. आणि त्या गावांमधे, शाळांमधे, ट्रेकिंगच्या ग्रुपवर स्वतः विका.

शाईवाला: १५० ला प्रत १८० च्या आसपास जाईल, मग ४५ टक्के वितरकाला दिल्यावर उरतं काय? बारा-तेरा रुपये.

दुकानातून: म्हणून तर म्हणतेय वितरकाकडे जाऊच नका.

जर्सीकर: एवढं कशाला, ॲमेझॉनच्या केडीपीवर पेपरबॅक टाका ना! माझं इंग्रजी पुस्तक तिथेच आहे, २४० पानांचंच, किंमत १४.९९ डॉलर. ६० टक्क्यांतून छपाईचे ३.८८ वजा जाऊन मला ५ डॉलरच्या वर मिळतात. स्टॉक नाही, पोस्ट नाही, आयएसबीएन पण त्यांनीच फुकट दिला.

अक्षरजुळणी: दादा, तुमच्याकडे ते छान चालतं पण केडीपीचं छापील पुस्तक ज्या देशांत विकता येतं त्यात भारत नाही. बारवांचे वाचक सगळे इथले, त्यामुळे यांच्यासाठी केडीपी म्हणजे फक्त ईबुक. आणि तो फुकटचा आयएसबीएन तिथल्याच आवृत्तीला चालतो, दुसऱ्या छापखान्यातून तेच पुस्तक काढलं तर वापरता येत नाही.

नवलेखक_नाशिक: आयएसबीएन तर घ्यावाच लागतो नाहीतर कॉपीराइट मिळत नाही. एक नंबर घ्या, पेपरबॅक आणि ईबुक दोन्हीला टाका. आणि किंडलवर ७० टक्के रॉयल्टीवाला पर्याय निवडा, डोळे झाकून.

अक्षरजुळणी: आयएसबीएन घ्या हे खरं, बाकी थोडं तपासून घ्या. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, आयएसबीएन हा फक्त त्या आवृत्तीची ओळख पटवणारा नंबर. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, isbn.gov.in वर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पेपरबॅकला वेगळा, ईबुकला वेगळा. किंडलला तो नसला तरी चालतं. मंजुरीला वेळ लागू शकतो म्हणून कव्हर छापायला द्यायच्या आधी अर्ज करा. पॅकेजवाले बहुतेक वेळा स्वतःच्या नावावर नंबर घेतात, मग प्रकाशक म्हणून नोंद त्यांची होते आणि उद्या त्यांच्याशी पटलं नाही की नव्या नंबराने नवी आवृत्ती काढत बसा.

आता ते ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमधे टाकावं लागतं, म्हणजे ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, गूगल प्ले पण नाही (छापीलला ही अट नाही). शिवाय ७० मधे फाइलच्या वजनाचे दर एमबीला ७ रुपये कापतात आणि ३५ टक्क्यांच्या दुसऱ्या पर्यायात कापत नाहीत. तुमचं पुस्तक फोटोंचं आहे म्हणून हे महत्त्वाचं. किंमत १९९ धरा. फाइल ३ एमबी असेल तर २१ जाऊन १७८ चे ७० टक्के, म्हणजे जवळपास १२५ रुपये. तीच फाइल १६ एमबी झाली तर ११२ कापले जातात आणि हातात ६१ येतात, तर साध्या ३५ टक्क्यांत ७० आले असते! कापलेली रक्कम किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की ७० तोट्याचं. म्हणून वर्डमधे कॅमेऱ्यातले मूळ फोटो तसेच चिकटवू नका, ईबुकसाठी लहान करून वेगळा सेट बनवा, आणि छपाईसाठी मोठे ३०० डीपीआयचे जपून ठेवा.

बारवप्रेमी: हे ७ रुपयांचं कोणीच सांगितलं नव्हतं. मजकूर श्रीलिपीत टाइप केलाय, चालेल का?

अक्षरजुळणी: प्रेसला चालेल, ईबुकला नाही. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं, त्यामुळे सगळं युनिकोडमधे बदलून घ्यावं लागेल. बदलताना ऱ्य हमखास बिघडतो आणि तुमच्या पुस्तकात तर पानोपानी पायऱ्या असणार. फाइलमधे 'र्य' शोधा, सूर्य, कार्य बरोबर, पण 'पायर्या' दिसलं की दुरुस्त. दुसरं म्हणजे 'पान ११२ पहा' असं कुठे लिहिलं असेल तर ईबुकमधे तिथे लिंक द्या, मोबाइलवर पान ११२ नसतंच. प्रकरणांची नावं नुसती ठळक न करता हेडिंग स्टाइलमधे ठेवा म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते.

शाईवाला: आणि छापल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवा, १९५४ चा कायदा आहे, स्वतः प्रकाशक झालात की ते तुमच्यावर येतं. प्रतींचं माझं मत तेच, ५००.

दुकानातून: माझंही तेच, १५०. ज्या गावांत बारवा आहेत तिथल्या ग्रामपंचायती आणि शाळांना आधी विचारा, आगाऊ मागणी १०० च्या वर गेली तर काकांचं ऐका.

नवलेखक_नाशिक: गूगल प्लेवर पण ७० टक्के मिळतात ना? मग सिलेक्टची अट कशाला पत्करायची?

अक्षरजुळणी: मिळतात. पण मराठी ईबुकचा माझ्या ओळखीतला वाचक बहुतेक किंडलवर आहे. पहिले ९० दिवस सिलेक्टमधे काढून बघा, मुदत संपताना आपोआप पुढे चालू होतं ते तेवढं बंद करायला विसरू नका.