‘जमीन’खाली नुक्ता हवा का?

रामबागकर (इंदूर): आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची मुद्रिते आली आहेत. अक्षरजुळणी करणारे गृहस्थ एरवी हिंदीचेच काम करतात, त्यामुळे ज़मीन, ख़बर, बाज़ार असे सगळीकडे नुक्ते पडले आहेत. ते ठेवावेत की काढावेत?

माळव्याची लेक: ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जन’ आणि ‘जमीन’ यांतला ज आपण एकसारखा उच्चारत नाही, आणि हा फरक दाखवणारे चिन्ह देवनागरीत तयार असताना ते नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. ‘ख़बर’मधला घशातून येणारा ख सुद्धा त्या शब्दाचा वारसा आहे.

ग्वाल्हेरचा मास्तर: फरक आहे हे खरे, पण तो फारसीमुळे आलेला नाही. हिंदीचा स्वतःचा ज एकाच तऱ्हेचा असल्यामुळे परका उच्चार दाखवायला तिथे टिंब लागते. मराठीत मात्र दोन्ही ज पूर्वीपासून नांदत आहेत. जुना, जोंधळा, आज हे शब्द काही फारसीतून आलेले नाहीत, तरी त्यांतला ज ‘जमीन’सारखाच दातांशी उच्चारला जातो. टिंब उच्चारासाठी द्यायचे असेल तर ते या शब्दांनाही द्यावे लागेल.

बरे, उच्चार सोडून मुळाकडे पाहून टिंब द्यायचे म्हटले, तर ‘जागा’ आणि ‘जमा’ यांना ते मिळणार नाही, कारण मुळात तिथे साधा ज आहे. आपण मात्र ते ‘जमीन’च्याच ज ने म्हणतो. उलट ‘जिल्हा’ हा मुळात ‘ज़िला’, म्हणून त्याला टिंब द्यावे लागेल. पण पुढे इकार आल्यामुळे मराठी तोंडात तो ‘जीव’मधल्या ज सारखा झाला आहे. ‘दरवाजा’ घ्या. एकवचनात ज दातांशी आहे, ‘दरवाजे’ म्हणताच तो टाळूकडे जातो. उच्चार पाळायचा तर एकाच शब्दाला एकवचनात टिंब द्यायचे आणि अनेकवचनात काढायचे, अशी वेळ येईल. आणि ख बद्दल म्हणाल, तर ‘खबर’ आणि ‘खडू’ यांत वेगळे ख उच्चारणारे मराठी घर मी ग्वाल्हेरात तरी पाहिलेले नाही.

सराफ्याजवळची आजी: माझा नातू हिंदी शाळेत जातो. त्याच्या हिंदीच्या पेपरात ‘ज़रूरत’चे टिंब राहिले म्हणून अर्धा गुण गेला होता, तेव्हा मराठीतही द्यायची सवय लागलेली बरी, असे मला वाटते. मी लिहिलेली चिठ्ठी वाचताना तो ‘जरा थांब’ यातला जरा अगदी ‘जनता’तल्या ज ने वाचतो.

ग्वाल्हेरचा मास्तर: आजी, हिंदीच्या पेपरात टिंब द्यायलाच हवे. पण त्याच चिठ्ठीत ‘जुना डबा आण’ असे असेल तर तो ‘जुना’ही तसाच वाचेल, आणि तिथे तर टिंबाचे समर्थक देखील टिंब देणार नाहीत. ते त्याने तुमच्या तोंडून ऐकूनच शिकायला हवे.

माळव्याची लेक: ‘दरवाजे’चा मुद्दा मला मान्य आहे. पण माळव्यात मुले मराठी ऐकतात कमी आणि हिंदी डोळ्यांनी वाचतात जास्त. त्यांच्यासाठी टिंब हा आधार आहे, हे माझे म्हणणे मी सोडत नाही.

गझलवेडा (वडोदरा): मी गझला लिहितो, म्हणून कानावरून सांगतो. उर्दूत ‘आज’ आणि ‘आवाज़’ यांचे यमक जुळत नाही; मराठीत ‘आज’ आणि ‘आवाज’ निर्वेध जुळते. टिंब दिले की कानाला जुळलेले यमक डोळ्यांना चुकल्यासारखे दिसते. मात्र लेखात उर्दू शेर उद्धृत केला असेल तर त्यातले नुक्ते काढू नका, कारण तो मजकूर मराठी नाहीच.

रामबागकर: शेर दोन आहेत, ते तसेच ठेवतो. बाकीचे नुक्ते काढायला त्यांना सांगितले आहे. ‘शोधा आणि बदला’मध्ये नुक्त्याचे चिन्ह `U+093C` टाकून सगळीकडून एकदम उडवतो, असे ते म्हणतात.

ग्वाल्हेरचा मास्तर: कृपया थांबवा त्यांना. मराठीत टिंब खरोखर लागते ते ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मध्ये, आणि तो ऱ काही जण र ला हेच चिन्ह जोडून टंकतात. ते सरसकट उडवले की ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, ते ‘दर्या’ होईल आणि डोंगराच्या वर्णनात समुद्र येईल. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ सगळे बिघडेल. क, ख, ग, ज, फ या पाच अक्षरांखालचेच टिंब एकेक करून काढायला सांगा. शिवाय `ज़` कधी एकसंध `U+095B` असतो, कधी ज आणि चिन्ह मिळून दोन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून शोध दोन्ही रूपांचा घ्या.

रामबागकर: ‘दऱ्या’ दोन ठिकाणी आहे, आत्ताच पाहिले. एक अडचण उरतेच: शेरांच्या लेखाचे शीर्षक मराठीत आहे आणि त्यात ‘ग़ालिब’ आहे. ते नाव कसे छापावे?

गझलवेडा: टिंबासह.

ग्वाल्हेरचा मास्तर: मराठी वाक्यात आहे ना? मग ‘गालिब’.