दोन भाऊ शेजारी, भेट नाही संसारी: डोळे की रूळ?

निखिल: हे कोडं सगळ्यांना माहितीये, उत्तर डोळे असं पाठ करून ठेवलंय लोकांनी, पण मला सांगा रेल्वेचे रूळ का नाही चालणार? शेजारी आहेत, कितीही लांब गेले तरी भेट नाही. उलट जास्त फिट बसतंय.

अश्विनी: अरे पण संसारी चं काय करशील? रुळांना कसला संसार?

निखिल: संसारी म्हणजे बायकापोरं असलेला माणूस ना? मग तो डोळ्यांना तरी कुठे लागू होतो 😄

अश्विनी: तो संसारी वेगळा रे. हा घरी, दारी, मनी मधला ई आहे, संसारी म्हणजे संसारात, थोडक्यात उभ्या जन्मात भेट नाही. जुन्या छापील पुस्तकात अशा शब्दांवर अनुस्वार असायचा, संसारीं असं, आणि संसारी माणूस लिहिताना नसायचा, त्यामुळे बघताक्षणी कळायचं. १९६२ च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले आणि दोन्ही सारखेच दिसायला लागले.

सुभाषकाका: आमच्या ओळखीत आहेत असे दोन भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं आणि वर्षानुवर्षं बोलणं नाही. मला तर वाटायचं कोडं त्यांच्यावरच आहे.

अश्विनी: काका, तो अर्थ वरवर दिसावा म्हणूनच तर कोड्यात भाऊ घातलेत! शेजारी चे पण दोन अर्थ होतात, बाजूला आणि बाजूला राहणारा. आणि भाऊच का, बहिणी का नाही, तर डोळा पुल्लिंगी. बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे मध्ये जीभ स्त्रीलिंगी म्हणून नागीण, नाग नाही. कोड्यात बऱ्याचदा उत्तराचं लिंग असं लपलेलं असतं. म्हणूनच भुवया बाद, त्या बहिणी झाल्या असत्या, शिवाय काहींच्या जुळलेल्याच असतात. कान पुल्लिंगी खरे पण त्यांना शेजारी कोण म्हणेल, मधे अख्खं डोकं.

निखिल: थँक्यू, रूळ पण पुल्लिंगीच 😎 आणि जन्मात भेट नाही हे रुळांना तंतोतंत.

अश्विनी: आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १८५३ ला धावली, कोडं त्याच्या आधीचं असणार.

निखिल: असणार म्हणजे? पुरावा दे. तोंडी चालत आलेल्या कोड्याचं साल कोण सांगणार?

अश्विनी: ओके, साल सोड. पण सांध्यावर एक रूळ दुसऱ्याला भेटतोच की, तिथे गाडी लाईन बदलते.

निखिल: तो दुसऱ्या लाईनचा रूळ गं, त्याच जोडीतला नाही. सख्खे भाऊ तिथेही लांबच राहतात.

अश्विनी: हम्म, हा मुद्दा बरोबर आहे. तरी उभा जन्म म्हटलं की मला जिवंत माणसाचंच काहीतरी डोळ्यापुढे येतं, लोखंड नाही येत.

निखिल: डोळ्यापुढे म्हणालीस, म्हणजे तुझे पंच आधीच विकत घेतलेले 😂 मी रुळांवरच राहणार.