सहा जणांची चाचणी, एसयूएस 70: हा आकडा अहवालात द्यावा का?

अनुजा_क: दूध संकलनाच्या मोबाइल ॲपची सहा शेतकऱ्यांसोबत चाचणी घेतली. शेवटी सिस्टिम युजेबिलिटी स्केलची, म्हणजे एसयूएसची, दहा विधानं मराठीत भरून घेतली. गुण आले 85, 80, 77.5, 72.5, 67.5 आणि 37.5. सरासरी 70. संस्थेचे सचिव म्हणतात, "70 टक्के लोक खूश" असं लिहा. सर्वसाधारण सरासरी 68 असते म्हणे, मग "सरासरीपेक्षा वर" असं तरी लिहू का?

रानवाट: दोन्ही लिहू नका, आकडाच देऊ नका. सहा माणसांच्या सरासरीला काही अर्थ नाही. कोण कुठे अडखळलं ते लिहा. एकदा 70 छापलं की पुढच्या बैठकीत कुणी बाकीचं वाचणार नाही.

मिलिंद_द: असहमत. पाच माणसं पुरतात हे नील्सन यांनी 2000 सालीच सांगितलंय. तुमच्याकडे सहा आहेत. बिनधास्त लिहा.

स्नेहल_जोग: मिलिंद, ते पाच अडचणी शोधण्यासाठी. "नोंद जतन करा" हे बटण सापडत नाही, हे पाच जणांत दिसून येतं. गुणांची सरासरी मोजणं हे वेगळं काम आहे, तिथे पाच-सहा फार कमी पडतात.

अनुजा, तुमच्या आकड्यांचं प्रमाण विचलन साधारण 17 येतं. त्याला सहाच्या वर्गमुळाने भागून 2.57 ने गुणलं (सहा जणांसाठी टी-तक्त्यातला आकडा) की जवळजवळ 18 येतात. म्हणजे 95 टक्के विश्वासपातळीवर खरी सरासरी 52 ते 88 मध्ये कुठेही असू शकते. 68 त्याच्या पोटातच आहे, त्यामुळे "सरासरीपेक्षा वर" म्हणता येत नाही. आणि 70 म्हणजे टक्के नव्हेतच. 68 हा अनेक चाचण्यांच्या गुणांचा मध्य आहे, म्हणून 70 मिळवणारं ॲप जेमतेम मधल्या रांगेत बसतं.

तरी रानवाट यांच्याशी मी सहमत नाही. आकडा द्या, पण त्याच वाक्यात "52 ते 88" हेही द्या. नवी आवृत्ती आली की तुलनेला काहीतरी हाताशी हवं.

आधी मात्र त्या 37.5 ची मूळ उत्तरं इथे टाका.

अनुजा_क: 4, 5, 4, 5, 4, 5, 4, 5, 4, 5.

स्नेहल_जोग: हेच वाटलं होतं. विषम क्रमांकाची विधानं ॲपच्या बाजूची असतात, तिथे उत्तरातून 1 वजा होतो. सम क्रमांकाची विरोधातली, तिथे 5 मधून उत्तर वजा होतं. बेरीज 2.5 ने गुणायची. इथे 15 आणि 0, म्हणून 37.5. तुमचं गणित बरोबर आहे, पण या बाईंनी किंवा दादांनी "वापरायला सोपं" यालाही होकार दिलाय आणि "विनाकारण गुंतागुंतीचं" याला त्याहून ठाम होकार. विधान न वाचता मान डोलावल्यासारखं दिसतं.

शीटही एकदा तपासा. सगळीकडे 5 भरून बघा, उत्तर 50 आलं पाहिजे. 100 आलं तर सम विधानं उलटवायची राहिली आहेत.

मिलिंद_द: मग ते सम उलटवून 87.5 धरा! सरासरी 78 च्या वर जाते.

रानवाट: हे अजिबात करू नका. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही.

पिंपळपान: माझा अनुभव आरोग्यसेविकांच्या ॲपचा. कागद हातात दिला की त्या भराभर खुणा करायच्या. मग मी विधान मोठ्याने वाचून दाखवू लागले आणि "मला हे ॲप किचकट वाटलं, खरं का?" असं बोलीत विचारू लागले. उत्तरं बदलली. पण समोर बसून विचारलं की त्या मला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलतात, तेही खरं. ॲप माझंच आहे असं त्यांना वाटायचं.

अनुजा_क: हा सहावा प्रतिसाद वगळला तर?

स्नेहल_जोग: सरासरी 76.5 होते आणि पट्टा 68 ते 85 असा आवळतो. एका माणसाला काढून एवढा फरक पडतो, म्हणूनच गुपचूप काढायचं नाही. शक्य असेल तर आजच फोन करून ती दहा विधानं पुन्हा विचारा. चाचणीच्या आठवणी पुसट होण्याआधी. जमलं नाही तर दोन्ही आकडे आणि कारण लिहा. माझा कल वगळण्याकडे आहे.

रानवाट: माझा नाही. त्या व्यक्तीला नोंद करताना किती वेळ लागला, मदत मागावी लागली का? ते कुणी पाहिलंय का? ती खरंच अडखळली असेल, तर 37.5 हाच तुमच्या चाचणीतला सगळ्यात खरा आकडा असेल.

अनुजा_क: रेकॉर्डिंग आहे. फॅटचा आकडा टाकताना ते दोनदा मागे गेले होते. आता परत बघते.