मदत हवी आहे: एम-बँड नाही, तरी बोन मॅरो तपासणी का?

रेवा_क
बाबा ६४ वर्षांचे. काही महिन्यांपासून पाठ दुखते, कूस बदलतानाही कळ येते. डायक्लोफिनॅक घेत होते. आता हिमोग्लोबिन ८.४ (लोह, बी-१२ नॉर्मल), क्रिएटिनिन ३.१, कॅल्शियम ११.६. डॉक्टरांना मल्टिपल मायलोमाची, म्हणजे बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरची शंका आहे. पण एकूण प्रोटीन ६.४, अल्ब्युमिन ३.९ आणि रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एम-बँड, म्हणजे एकाच प्रकारच्या अँटिबॉडीची ठळक रेघ नाही. तरीही फ्री लाइट चेन आणि बोन मॅरो करायला सांगितलंय. कशासाठी?

जुना_वाचक
मायलोमात ग्लोब्युलिन वाढतं, ईएसआर शंभराच्या पुढे जातो. यांचं ग्लोब्युलिन २.५ म्हणजे नॉर्मल. मला तरी वाटतं, पेनकिलरने किडनी बिघडली आणि त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलं.

सुमेधा
हाडं दुखतायत तर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करा ना. माझ्या सासूबाईंना फरक पडला.

डॉ_अनिकेत
सुमेधाताई, नको! यांचं कॅल्शियम आधीच जास्त आहे, हाडं झिजून ते रक्तात उतरतंय.

जुना_वाचक, पेनकिलरने किडनीला इजा झाली असेलच, पण नुसती किडनी बिघडली तर कॅल्शियम सहसा खाली जातं. इथे ते वर आहे, म्हणून एकच कारण शोधायला हवं. तुम्ही म्हणता ते ग्लोब्युलिन पूर्ण अँटिबॉडी बनवणाऱ्या मायलोमात वाढतं. काही रुग्णांत पेशी अँटिबॉडीचा फक्त एक छोटा भाग, म्हणजे लाइट चेन बनवतात. त्या लहान असल्याने किडनीतून लघवीत गळतात, रक्तात फारशा साचत नाहीत, आणि बँड दिसतोच असं नाही. रेवा, लघवीचे रिपोर्ट आहेत का?

रेवा_क
पट्टीवर प्रोटीन 'ट्रेस'. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो मात्र ४.८. लॅबची चूक समजून आम्ही सोडून दिलं.

डॉ_अनिकेत
चूक नसावी. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिला जवळजवळ दिसत नाहीत. दोन आकड्यांतली ही तफावतच मोठी खूण आहे. याच चेन किडनीच्या नळ्यांत गोठून बसतात, त्यामुळे उशीर परवडणारा नाही. डायक्लोफिनॅक बंद, आणि सीटीच्या आधी क्रिएटिनिन सांगा, म्हणजे कॉन्ट्रास्टचा विचार होईल.

मंजिरी_०७
माझ्या मावशीला एम-बँड आहे, पण वर्षानुवर्षं फक्त तपासण्या चालू आहेत, औषध नाही. इतकी घाई का?

डॉ_अनिकेत
मावशींची हाडं, किडनी, हिमोग्लोबिन ठीक असणार. इथे तिन्हींना झळ पोचलीय.

रेवा_क
फ्री लाइट चेनचा रिपोर्ट आला. कॅपा २९००, लॅम्डा २०.

डॉ_अनिकेत
लाइट चेनच्या या दोन प्रकारांचा रेशो १४५. किडनी बिघडली की रेशो थोडा चढतो, साधारण ३ पर्यंत, त्यामुळे एवढ्या आकड्याचं खापर किडनीवर फोडता येणार नाही. मॅरोमध्ये एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त निघाल्या की निदान पक्कं होईल. पाठीसाठी एमआरआय सांगतीलच. पाय बधिर वाटले किंवा लघवी अडली तर थेट इमर्जन्सीत न्या.

रेवा_क
किडनी पुन्हा सुधारेल का?

डॉ_अनिकेत
उपचारांनी लाइट चेन किती लवकर उतरतात यावर आहे. काहींची बरीच सुधारते, काहींना डायलिसिस लागतं. आज कुणी खात्रीने सांगू शकणार नाही.