पहिलीतल्या मुलीसाठी दप्तर : तीन पर्यायांपैकी कोणते घ्यावे? (नाशिक)

इंदिरानगरची_आई

माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. तिची उंची ११२ सेंमी आणि वजन १९ किलो आहे. ती शाळेच्या व्हॅनने जाते आणि तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मेन रोड आणि शालिमार भागातील दुकाने पाहून तीन दप्तरे निवडली आहेत. पहिले टणक, उठावदार कार्टूनचे असून त्यावर चालताना दिवे लुकलुकतात आणि मुलीला तेच हवे आहे. दुसरे चाकांचे आहे. तिसरे साधे पॉलिस्टरचे, २५ लिटरचे असून "चौथीपर्यंत बघावे लागणार नाही" असे दुकानदाराचे म्हणणे आहे. घरात अडीच वर्षांचा धाकटा मुलगाही आहे आणि ताईची प्रत्येक वस्तू त्याच्या हातात जाते. सुरक्षितता, टिकाऊपणा आणि वय या तिन्ही दृष्टींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपूरकर

चाकांचे घ्यावे, असे माझे मत आहे. पाठीवर भार येतच नाही, मग वजनाची चिंता कशाला करायची? कोणतेही घेतले तरी आयएसआय चिन्ह मात्र पाहून घ्या, कारण मुलांच्या वस्तूंना ते आता सक्तीचे आहे.

शिलाईवाले_काका

गेली अनेक वर्षे मी पंचवटीत दप्तरे शिवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी सातपूरकरांच्या मुद्द्यांविषयी. आयएसआय चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण ती खेळण्यांसाठी. दप्तरावर ते चिन्ह शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, त्यामुळे दप्तर स्वतःच्या हातांनी तपासणे भाग आहे. चाकांचे दप्तर सपाट जमिनीवर सोयीचे असते हे खरे, परंतु दांडी, चाके आणि तळाची पट्टी मिळून ते रिकामेच दोन किलोच्या आसपास भरते. दोन मजले चढताना मूल ते एका हाताने ओढते किंवा पायरीवर आपटत नेते, आणि मागून येणाऱ्या मुलाच्या पायात ते अडकते. त्यामुळे या शाळेसाठी मी ते बाद करीन.

आता वजन. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचा भार मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पहिली-दुसरीसाठी तेथे १.६ ते २.२ किलो असा पल्ला दिला आहे. आपल्या मुलीसाठी मर्यादा १ किलो ९०० ग्रॅम येते. ६०० मिलिलिटरची स्टीलची बाटली पाण्यासह साधारण ८५० ग्रॅम होते आणि भरलेला डबा ३०० ग्रॅम धरला, तर वह्या-पुस्तके आणि रिकामे दप्तर मिळून ७५० ग्रॅमच उरतात. टणक कार्टूनचे दप्तर बहुधा एकटेच तेवढे खाऊन टाकते. साधे दप्तर ४५० ग्रॅमचे मिळाले, तर उरलेल्या ३०० ग्रॅममध्ये दोनेक पातळ वह्या बसतात. म्हणून घरचा वजनकाटा घेऊन आधी बाटली जोखा. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल, तर लहान आणि हलकी बाटली देऊन जेवढे वजन वाचते, तेवढे महागडे दप्तर घेऊनही वाचत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यांविषयी मी आग्रहाने सांगतो. पुष्कळ दप्तरांत त्या दिव्यांमागे बटणाएवढा चपटा सेल असतो. तो कप्पा स्क्रूने बंद केलेला नसेल, नुसता शिवणीत किंवा चिकटपट्टीखाली दडवलेला असेल, तर अडीच वर्षांचे मूल तो काढून गिळू शकते. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजते. घरात धाकटे मूल असताना असे दप्तर आणूच नये.

गंगापूररोड

माझा मुलगा अकरावीत आहे आणि त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन वर्षभरात दोनदा गेली. चांगली चेन कशी ओळखावी, हेही कोणी सांगावे.

शिलाईवाले_काका

आपली बॅग मोठ्या मुलाची असली, तरी उत्तर दोघांनाही लागू पडते. चेन बहुतेक वेळा मध्यभागी तुटत नाही, ती कोपऱ्यावर जाते. तेथे वळण फार अरुंद असेल, तर रनर रोज तिरका ओढला जातो, त्याची पकड सैल होते आणि मग चेन मागून उघडू लागते. दुकानात दप्तर भरून घ्यावे आणि एका बोटाने रनर कोपऱ्यावरून फिरवून पाहावा. तो अडखळला, तर ते दप्तर घेऊ नये. जाड दातांची चेन आणि धातूचा रनर जास्त टिकतो.

दप्तर मरते ते मात्र पट्ट्याच्या वरच्या जोडापाशी. म्हणून ते आतून उलटे करून पाहावे. पट्टा मुख्य शिवणीत खोल गेलेला असावा आणि तेथे चौकोनात फुली मारलेली शिलाई असावी. कापडाच्या कापलेल्या कडांवर पायपिंगची पट्टीही हवी, कारण पट्टी नसली की पॉलिस्टरचे धागे सुटत जातात आणि पक्की शिलाईसुद्धा कापडासकट निघून येते. दुकानातल्याच तीन-चार किलोच्या वह्या दप्तरात भरून ते एका पट्ट्याने उचलावे आणि हलका झटका द्यावा. जोडापाशी सुईची भोके ताणून उघडी दिसू लागली, तर ते दप्तर पावसाळाभरही टिकणार नाही. अस्तर नखाने घासल्यावर पांढरा चुरा पडत असेल, तर आतला लेपही लवकरच निघेल. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबू नये, कारण आपल्याकडच्या जुलैमध्ये पाणी चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून आत येतेच. वरून घालायचे वेगळे आवरण घ्यावे.

सिडको_बाबा

काकांचे बाकी सगळे पटते, पण २५ लिटरचे दप्तर वाईट का? मूल वाढतेच, शिवाय दर दोन वर्षांनी नवे घेणे प्रत्येकाला परवडत नाही.

शिलाईवाले_काका

खर्चाची अडचण मी नाकारत नाही. मात्र मोठे दप्तर कमरेखाली लोंबते, मागे ओढते, आणि मूल तोल सावरण्यासाठी पुढे वाकून चालू लागते. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत पाठ मोजावी. दप्तराची वरची कड खांद्यांच्या वर जाऊ नये आणि तळ कमरेच्या रेषेखाली चार बोटांपेक्षा जास्त उतरू नये. पट्टे आवळून तळ वर घेता येतो, पण मग वरची कड डोक्यामागे येते, त्यामुळे त्या उपायाला मर्यादा आहे. शिवाय मोकळी जागा दिसली की ती भरली जाते, हेही मी दुरुस्तीला येणाऱ्या दप्तरांत नेहमी पाहतो. दोन वर्षे चालेल इतपत किंचित मोठे घ्यायला हरकत नाही, पण चार वर्षांचा हिशोब पहिलीच्या मुलीच्या पाठीवर बसत नाही.

देवळालीची_मावशी

छातीवरच्या बकलाचा विषय राहिला. त्यामुळे पट्टे खांद्यावरून घसरत नाहीत, म्हणून माझ्या भाचीसाठी मी मुद्दाम तसेच घेतले.

शिलाईवाले_काका

मावशी, घसरण्यापुरते आपले बरोबर आहे. पण मूल व्हॅनमधून उतरताना पट्टा दारात किंवा हँडलला अडकला, तर दप्तर झटकन अंगावरून निघायला हवे. जोराने ओढल्यावर आपोआप सुटणारे बकल असेल तर ठीक. ताणूनही न सुटणारे असेल, तर व्हॅनमध्ये ते उघडेच ठेवावे. पाच-सहा वर्षांच्या मुलीला ते रोज आठवणीने उघडता येईल का, याची मला खात्री वाटत नाही. पट्ट्यांची लोंबणारी टोके मात्र गुंडाळून इलॅस्टिकमध्ये अडकवावीत किंवा टाके घालून बसवावीत, कारण दारात सर्वांत आधी तीच सापडतात.

इंदिरानगरची_आई

सर्वांचे आभार. मुलीची पाठ ३१ सेंमी भरली आणि २५ लिटरचे दप्तर ४४ सेंमी उंच आहे, म्हणून तेही बाद झाले. आता ३४ ते ३६ सेंमीचे, मऊ पाठीचे, रुंद पट्ट्यांचे साधे दप्तर शोधत आहे. कार्टूनची हौस आवरणावर छापील चित्र घेऊन भागेल का, हे तिला विचारून पाहते. शाळेतल्या पाण्याविषयी उद्या वर्गशिक्षिकांशी बोलेन. छातीच्या बकलाबाबत मात्र अजून ठरत नाही. लहान मुलांना व्हॅनने पाठवणाऱ्या अन्य पालकांनी त्यांचा अनुभव कळवावा.